निकालाच्या दिवशी साइट आडवी होते: व्हीएम, कंटेनर की सर्व्हरलेस?

सह्यकडा

नमस्कार मंडळी. आमचं मंडळ चिपळूणजवळ दर हिवाळ्यात घाटातली धाव भरवतं. नोंदणी, बिब क्रमांक, निकाल आणि प्रमाणपत्र यासाठी मी चार वर्षांपूर्वी एक छोटं वेब ॲप लिहिलं. जँगो, पोस्टग्रेस, पुढे एनजिनएक्स. सगळं एकाच व्हीएमवर: १ जीबी मेमरी, १ कोअर.

वर्षातले अकरा महिने दिवसाला पन्नास माणसंही येत नाहीत. नोंदणीच्या आठवड्यातली गर्दी निभावते. पण निकालाच्या दुपारी व्हॉट्सॲपवर लिंक पडली की १८०० धावपटू एकदमच प्रमाणपत्र उतरवायला येतात आणि दहा मिनिटांत साइट आडवी. यंदा दोन तास बंद होती. मी मांडवात बसून फोनवरून सर्व्हर रीस्टार्ट करत होतो आणि लोक माइकवरून माझं नाव पुकारत होते.

भाचा म्हणतो, सगळं कंटेनरमध्ये टाक. ऑफिसातला मित्र म्हणतो, सर्व्हरलेस कर, डोक्याला ताप नाही. अध्यक्ष म्हणतात, मोठा सर्व्हर घे ना. बजेट महिना हजार रुपये, ओढूनताणून बाराशे. काय निवडू?

ढगफुटी

सर्व्हरलेस, डोळे मिटून. तुमचा भार म्हणजे अकरा महिने शून्य आणि एक दिवस पूर, फंक्शन त्याच्यासाठीच बनलंय. एडब्ल्यूएस लॅम्डा २०१४ पासून आहे, नवीन काही नाही. महिन्याला १० लाख विनंत्या आणि ४ लाख जीबी-सेकंद फुकट. शेकडो माणसं आली तर शेकडो फंक्शनं उभी राहतील, काम झालं की गायब. महिन्याचे हजार रुपये वाचवून धावपटूंना केळी द्या.

अण्णा_७२

मी निवृत्त आहे, पण संगणकाची आवड आहे. व्हर्च्युअल मशीन अजिबात घेऊ नये. माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स टाकले तर विंडोज आणि लिनक्स दोन्ही रडू लागले. पंखा तर इतका फिरतो की सौ. विचारतात गिरणी सुरू केली का. तरी आपण थेट लिनक्सच टाकावे.

सह्यकडा

@अण्णा_७२, अण्णा, ते घरच्या लॅपटॉपवरचं झालं. आमची व्हीएम भाड्याची आहे, होस्टिंगवाल्याच्या मोठ्या यंत्राचा एक तुकडा. आत थेट लिनक्सच आहे.

रुक्ष_राधा

निवड नंतर करू. आधी सांगा, मेलं कोण? "साइट आडवी" हे लक्षण आहे, आजार नव्हे. प्रोसेसर तुंबला असेल तर उपाय वेगळा, मेमरी संपली असेल तर वेगळा, डेटाबेसची जोडणी संपली असेल तर आणखी वेगळा. त्या दिवसाचा लॉग असेल तर हे दोन चालवून इथे टाका:

```
journalctl _TRANSPORT=kernel | grep -i "killed process"
grep -i -A 2 "signal 9" /var/log/postgresql/*.log
```

आणि प्रमाणपत्र बनवता कशाने, तेही सांगा. १८०० माणसांना नुसतं पान दाखवायला १ जीबी भरपूर होते, तेव्हा गोम तिथेच असावी असा माझा संशय आहे.

वहीखातं

२ जीबीचा सर्व्हर घ्या. विषय संपला.

सह्यकडा

@रुक्ष_राधा, ताई, पहिल्या आदेशाने चाळीसेक ओळी आल्या. बहुतेक `chrome`, चार-पाच `gunicorn`, दोनदा `postgres`. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये हे:

```
LOG:  server process (PID 873) was terminated by signal 9: Killed
LOG:  terminating any other active server processes
```

प्रमाणपत्र क्रोमने होतं. एचटीएमएल पान बनवतो, मागे हेडलेस क्रोम उघडतो, पीडीएफ छापतो, क्रोम बंद करतो. आधी पायथनच्या एका पीडीएफ लायब्ररीने करायचो, पण तिला जोडाक्षरं जमत नव्हती. "क्षितिज"चा क्ष फुटायचा, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. प्रमाणपत्रावर स्वतःचं नाव तसं पाहून लोक भांडायला यायचे. क्रोमने ती कटकट मिटवली.

रुक्ष_राधा

मग चित्र स्पष्ट आहे. हिशेब मांडते, आकडे तुमच्या `free -m` शी ताडून बघा.

१ जीबीतले हाती येतात साधारण ९६० एमबी. लिनक्स आणि एनजिनएक्स १८०, पोस्टग्रेस १३०, गनिकॉर्नचे तीन वर्कर प्रत्येकी ११० धरले तर ३३०. झाले ६४०. उरले ३२०. एक हेडलेस क्रोम त्याच्या सगळ्या उपप्रक्रियांसह अडीचशेच्या आसपास खातो. म्हणजे एका वेळी एक माणूस प्रमाणपत्र मागत असेल तर चालतं, दुसरा आला की मेमरी संपली. तुमचे वर्कर तीन, त्यामुळे तीन क्रोम एकदम उघडू शकतात. लिनक्सकडे मेमरी उरली नाही की तो कुणाचा तरी बळी घेतो, आणि घेताना दोषी कोण ते बघत नाही, मोठा कोण ते बघतो. क्रोम तुकड्यातुकड्यांत विभागलेला, त्याचा एकेक तुकडा लहान दिसतो. पोस्टग्रेसची प्रक्रिया सामायिक मेमरीमुळे आहे त्याहून जाडी दिसते. म्हणून कधीकधी चोर सुटतो आणि पोस्टग्रेसला फाशी.

आता ती दुसरी ओळ वाचा. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी ठार झाली की सामायिक मेमरी बिघडली असेल या भीतीने तो बाकीच्या सगळ्या जोडण्याही तोडतो आणि नव्याने उभा राहतो. तेवढ्या वेळात प्रत्येक पानाला ५००. लोक रिफ्रेश मारतात, म्हणजे आणखी क्रोम. हीच तुमची दोन तासांची कहाणी.

म्हणून तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारीन: क्रोम फुगला तर मरणार कोण? मोठ्या व्हीएमवर मरण पुढे ढकललं जातं. कंटेनरात क्रोमला कुंपण घालता येतं, म्हणजे तो मेला तर एकटा मरतो. पण यंत्राची मेमरी त्याने एका एमबीनेही वाढत नाही. फंक्शनमध्ये प्रत्येक विनंतीला स्वतंत्र मेमरी मिळते, म्हणून तिथे शेजाऱ्याचा प्रश्नच नाही.

वहीखातं

म्हणजे माझंच बरोबर. ६४० अधिक तीन क्रोमचे ७५०, बेरीज १३९०. २ जीबीत बसतं.

रुक्ष_राधा

मेमरीपुरतं अगदी बरोबर, आणि माझं पहिलं पाऊल तेच असेल. पण रांग बघा. सह्यकडा, एक प्रमाणपत्र किती वेळ घेतं?

सह्यकडा

एकटं असताना ४ सेकंद. त्यातले तीनेक क्रोम उघडण्यातच जातात.

रुक्ष_राधा

कोअर एकच आहे, तेव्हा तीन एकदम चालवले तर प्रत्येकाला १२ सेकंद लागतील, एकूण वेग तोच. १८०० गुणिले ४ म्हणजे ७२०० सेकंद. पूर्ण दोन तास, सर्व्हर एकदाही न मरता. त्या दोन तासांत तिन्ही वर्कर क्रोमची वाट बघत अडकलेले, म्हणून साधं निकालाचं पानसुद्धा उघडणार नाही. एनजिनएक्स ६० सेकंद थांबून ५०४ देतो. माणूस पुन्हा बटण दाबतो. आणि ज्याची वाट बघायला कुणीच उरलं नाही ती जुनी विनंती गनिकॉर्न तरीही इमानदारीने पुरी करतो. २ जीबीने सर्व्हर जगेल, पण माइकवरून तुमचं नाव पुकारलं जाणारच.

ढगफुटी

तेच म्हणतोय पहिल्यापासून! २ जीबीचं फंक्शन, ४ सेकंद, १८०० वेळा: १४,४०० जीबी-सेकंद. फुकट कोटा ४ लाखांचा. कोटा नसता तरी जीबी-सेकंदाला ०.००००१६६६७ डॉलर दराने पाव डॉलरसुद्धा होत नाही. अख्खं जँगोच फंक्शनमध्ये टाका, डेटाबेस आहे तिथे राहू द्या, फंक्शन त्याला जोडा. एका वीकेंडचं काम.

सह्यकडा

पटतंय. या शनिवार-रविवारी करून बघतो.

कळफलक

मी श्टुटगार्टला असतो, दिवसभर कंटेनरच हाकतो. माझं मत मधलं आहे. लॅम्डाच्या झिपला उघडल्यावर २५० एमबीची मर्यादा आहे, त्यात क्रोम कोंबायला कसरत करावी लागते. कंटेनर इमेज म्हणून दिलं तर १० जीबीपर्यंत चालतं, मग इमेज बनवायचीच तर गूगलच्या क्लाउड रनवर का नको? तीच इमेज घरी चालते, तुमच्या व्हीएमवर चालते, तिथेही चालते. काम नसेल तर शून्यावर येतं, काम आलं की उभं राहतं. उद्या कंटाळा आला तर इमेज उचला आणि दुसरीकडे जा.

रुक्ष_राधा

@कळफलक, सूचना चांगली, पण तिच्यात एक सुरुंग आहे. क्लाउड रन एकाच इन्स्टन्सकडे एका वेळी ८० विनंत्या पाठवतो, तसं मुळातच ठरलेलं आहे. साध्या वेब ॲपला ते उत्तम, पण इथे ८० विनंत्या म्हणजे ५१२ एमबीच्या डब्यात ८० क्रोम. चिपळूणचं मरण उचलून ढगात नेल्यासारखं होईल. हे दोन झेंडे लावायलाच हवेत:

```
--concurrency=1 --max-instances=10
```

लॅम्डात एक इन्स्टन्स एका वेळी एकच विनंती घेतो, म्हणून ढगफुटींना हा प्रश्न दिसत नाही. त्यांना दुसरा दिसणार आहे. सह्यकडा, रविवारी भेटूच.

कळफलक

हो, concurrency लिहायचं राहिलं. आमच्याकडे ते टेम्प्लेटमध्येच असतं, त्यामुळे विसरायला होतं.

शेवग्याची_शेंग

मी तांत्रिक नाही म्हणजे अर्धीच आहे. माझ्या कथक क्लासची साइट आहे, फी आणि हजेरी. मागच्या वर्षी मी कौतुकाने सगळं डॉकरमध्ये नेलं. कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसला `5432:5432` लिहिलं. फायरवॉल चालू होती, `ufw status` मध्ये ५४३२ कुठे दिसतही नव्हतं, मी निश्चिंत. तीन आठवड्यांनी डेटाबेस रिकामा आणि आत एक तक्ता, त्यात खंडणीची चिठ्ठी. डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे नियम iptables मध्ये घालतो आणि ufw च्या नियमांना वळसा पडतो, हे कागदोपत्री लिहिलेलं आहे, मीच वाचलं नव्हतं. आणि पासवर्ड "postgres" होता. (हसू नका.) आता `127.0.0.1:5432:5432` लिहिते. बॅकअप होता म्हणून बत्तीस मुलींची हजेरी वाचली.

प्रश्नाचं उत्तर नाही माझ्याकडे, पण घाईघाईने कुणी काही उघडं टाकू नका म्हणून लिहिलं.

सह्यकडा

रविवारचा अहवाल.

जँगो फंक्शनमध्ये गेलं. पहिलं पान साडेचार सेकंदांनी आलं, त्यानंतरची झटपट. दहा मिनिटं कुणी फिरकलं नाही की पुन्हा साडेचार सेकंद. आमच्या साइटवर दिवसाला पन्नासच माणसं, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे साडेचार सेकंद येणार. ज्या शांततेमुळे हे स्वस्त पडतं तिच्यामुळेच हळूही वाटतं, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

मग घरून `hey -n 300 -c 150` ने गर्दीची नक्कल केली. मिनिटभरात पोस्टग्रेस ओरडला:

```
FATAL:  sorry, too many clients already
```

यात व्हीएमवरची जुनी साइटसुद्धा आडवी झाली, कारण डेटाबेस तोच. आणि हो, @शेवग्याची_शेंग, या चाचणीसाठी मी ५४३२ सगळ्या जगाला उघडं टाकलं होतं. तुमचा प्रतिसाद वाचून लगेच बंद केलं. लॉगमध्ये तोवर `postgres` नावाने दारावर थापा सुरू झाल्या होत्या, उघडल्यापासून चार तासांत.

शेवग्याची_शेंग

चार तास! माझी चिठ्ठी त्यामानाने आळशीच म्हणायची.

ढगफुटी

max_connections वाढवा. मुळात १०० असतं, ५०० करा.

रुक्ष_राधा

नको. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी म्हणजे एक स्वतंत्र प्रक्रिया, प्रत्येकीला काही एमबी लागतात. १ जीबीच्या यंत्रावर ५०० जोडण्या म्हणजे ज्या खड्ड्यातून निघालो त्यात दुसऱ्या बाजूने उडी.

गडबड कुठे झाली ते बघा. व्हीएमवर तीन वर्कर होते, म्हणून डेटाबेसवर जास्तीत जास्त तीन जोडण्या. ते तीन वर्कर नकळत दारवानाचं काम करत होते. फंक्शनमध्ये दारवान गेला. दीडशे माणसं, दीडशे इन्स्टन्स, दीडशे जोडण्या, आणि काम संपल्यावरही इन्स्टन्स काही वेळ गोठून पडून राहतो तेव्हा त्याची जोडणी पोस्टग्रेसच्या लेखी चालूच. पुढचा भाग आपोआप वाढतो, मागचा डेटाबेस मात्र आहे तेवढाच. मध्ये पीजीबाउन्सर बसवून `pool_mode = transaction` करता येतं, म्हणजे शेकडो जोडण्या वीसेक खऱ्या जोडण्यांत मावतात. पण मग डेटाबेस आणि पीजीबाउन्सरसाठी व्हीएम राहिलीच की. सर्व्हर सांभाळायचा नव्हता म्हणून सर्व्हरलेसकडे गेलो, आणि आता सर्व्हरही सांभाळा, फंक्शनही सांभाळा.

डेटाबेस उघडा न टाकता खाजगी नेटवर्कमध्ये ठेवायचा म्हटलं, तर त्या नेटवर्कमधल्या लॅम्डाला बाहेरचं इंटरनेट आपोआप मिळत नाही. तुमचं ॲप पेमेंट गेटवेशी बोलतं, तेव्हा नॅट गेटवे लागणार. अमेरिकेतल्या दराने तो ताशी ०.०४५ डॉलर, महिन्याला बत्तीसेक डॉलर, एक बाइट गेला नाही तरी. पाव डॉलरच्या कामाला बत्तीस डॉलरची कमान.

ढगफुटी

डेटाबेस पण सर्व्हरलेस घ्या मग. हल्ली मिळतात. तुम्ही जुन्या घराला नवं दार लावताय, दार बसत नाही म्हणून दाराला नावं ठेवताय.

रुक्ष_राधा

हा मुद्दा मान्य. शून्यातून लिहायचं असतं आणि पोस्टग्रेस सोडायची तयारी असती तर मी वेगळं बोलले असते. पण चार वर्षांचे निकाल, वयोगटांच्या क्रमवारीच्या क्वेरी, सगळं एसक्यूएलमध्ये आहे, आणि सांभाळणारा माणूस एक, तोही हौशी.

फंक्शन वापरायचंच तर त्याला डेटाबेस दाखवूच नका. नाव, बिब, वेळ, गट एवढं त्याच्या हातात द्या, त्याने पीडीएफ बनवून परत द्यावी. म्हणजे जोडण्या नाहीत, नॅट नाही, गुपितं नाहीत. क्रोमसारखं जड, क्वचित लागणारं, कशाचीही आठवण न ठेवणारं काम हेच फंक्शनचं खरं काम.

वहीखातं

मला एक कळत नाही. प्रमाणपत्र माणसाने मागितल्यावरच का बनवायचं? आम्ही भागधारकांची पत्रं आदल्या रात्री छापून ठेवतो. सकाळी कुणी मागितलं की गठ्ठ्यातून काढून देतो.

रुक्ष_राधा

दोन दिवस हिशेब करत बसले आणि हे सुचायला वहीखाते लागले. अगदी बरोबर. एकदा निकाल लागला की प्रमाणपत्र बदलत नाही. सह्यकडा, वेळा पक्क्या होणं आणि लिंक टाकणं यात किती वेळ असतो?

सह्यकडा

चिपच्या वेळा साडेअकरापर्यंत हातात येतात. बक्षीस समारंभ, आमदारांचं भाषण, मग दोन वाजता लिंक. भाषण लांबलं तर अडीच.

रुक्ष_राधा

अडीच तास आहेत. चार सेकंदांपैकी तीन क्रोम उघडण्यात जातात म्हणालात. एकदाच उघडा आणि त्याच क्रोममध्ये एकामागून एक पानं छापा. प्रत्येकी एक सेकंद धरला तरी १८०० ला अर्धा तास. एकच क्रोम, म्हणून मेमरीत बसतो. दर दोनशे पानांनी तो बंद करून पुन्हा उघडा, फार वेळ चालला की फुगत जातो. तयार फाइली दीडशे केबीच्या धरल्या तर सगळ्या मिळून २७० एमबी. त्या एनजिनएक्स थेट देईल, जँगोला हातही लावावा लागणार नाही. नुसत्या फाइली द्यायच्या असतील तर १८०० माणसं हा एनजिनएक्ससाठी आकडाच नाही.

कळफलक

आणि ते छापण्याचं काम कंटेनरमध्ये. क्रोम, त्याच्या पन्नास लायब्ररी, फाँट, सगळं एका इमेजमध्ये गोठवलेलं. व्हीएमवर `apt upgrade` केलं आणि क्रोम मोडला असं होणार नाही. कुंपणही लगेच मिळतं:

```
services:
  pdf:
    build: ./pdf
    mem_limit: 500m
    shm_size: 256m
    restart: on-failure
```

`shm_size` विसरू नका. डॉकरमध्ये `/dev/shm` मुळात ६४ एमबी असतं आणि क्रोम त्यात गुदमरतो. पान मध्येच कोसळतं आणि कारण कळत नाही. कंटेनर बाहेर पडताना 137 आकडा दिसला तर समजा की तो बहुधा कुंपणाला धडकून मेला.

रुक्ष_राधा

कुंपणासाठीच डॉकर हवा असेल तर तो नसला तरी चालेल. systemd च्या सर्व्हिस फाइलमध्ये `MemoryMax=500M` ही एक ओळ लिहा, कर्नलची तीच सोय वापरली जाते. माझ्यासारखी सुस्त बाई तेच करील. लायब्ररी गोठवण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यासाठी मी डॉकरला होकार देते. पोस्टग्रेस आणि जँगो आहेत तिथेच, आहेत तसे राहू देत. चाललेलं हलवू नये.

कळफलक

इथे आपलं पटणार नाही. जँगोही इमेजमध्ये असावं. पुढच्या वर्षी सह्यकडा अमेरिकेला गेले, भाच्याने नव्या व्हीएमवर साइट उभी करायची म्हटलं, तर `docker compose up` की त्यांच्या वहीतल्या चाळीस पायऱ्या?

रुक्ष_राधा

चाळीस पायऱ्या वहीत लिहिलेल्या असतील तर भाचा शिकेल तरी. बरं, राहू दे.

अण्णा_७२

रात्री छापून ठेवण्याची कल्पना आवडली. मात्र नावात दुरुस्ती निघाली तर? आमच्या सोसायटीच्या भाग-दाखल्यांत दरवर्षी निघते.

सह्यकडा

अण्णा, रास्त प्रश्न. दरवर्षी वीस-पंचवीस दुरुस्त्या येतात, नाव किंवा वयोगट. त्यासाठी डेटाबेसमध्ये एक तक्ता केला: "छापायचं बाकी". दुरुस्ती झाली की त्यात एक ओळ पडते, कंटेनरमधला एकटा कामकरी ती उचलतो, नवी पीडीएफ बनवून जुनीच्या जागी ठेवतो. माणसाला दिसतं "पाच मिनिटांनी या". कितीही ओळी पडल्या तरी क्रोम एकच. ढगफुटींचं फंक्शन या कामाला चाललं असतं, पण वीस प्रमाणपत्रांसाठी आणखी एक खातं, आणखी एक बिल... नको वाटलं.

ढगफुटी

पुढच्या वर्षी ५००० धावपटू झाले की याल माझ्याकडे.

वहीखातं

५००० सेकंद म्हणजे सुमारे दीड तास. भाषण तेवढं चालतं.

सह्यकडा

व्हीएम २ जीबीची केली, महिन्याला हजारात बसते. वर १ जीबीची स्वॅप फाइल. काल रात्री गेल्या वर्षीचे १८०० निकाल घेऊन पूर्ण तालीम केली.

पहिल्या खेपेला सगळ्या पीडीएफ झाल्या, २६ मिनिटांत, आणि नावांच्या जागी नुसते चौकोन. व्हीएमवर मी कधीकाळी मराठी फाँट टाकला होता, इमेजमध्ये नव्हता. बेस इमेज स्लिम होती, तिच्यात देवनागरी कुठून असणार! डॉकरफाइलमध्ये ही ओळ घातली:

```
RUN apt-get update && apt-get install -y fonts-noto-core
```

दुसऱ्या खेपेला नावं व्यवस्थित. चालू असताना `docker stats` बघत बसलो, क्रोम ३८० एमबीपर्यंत चढला आणि दोनशे पानांनी पुन्हा खाली. मग मुद्दाम `mem_limit` १५० केलं, तो मेला, 137 आला, आणि साइट ढिम्म हलली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा क्रोमला एकटा मरताना पाहिलं. मग `hey` ने तयार फाइलीवर दीडशे जण सोडले, सर्व्हरने मान वर करून बघितलंही नाही.

एकच अडलंय. चौदा कुऱ्हाडे आहेत, त्यांतल्या नऊ जणांचं आडनाव "कुर्हाडे" छापलं जातंय, र डोक्यावर चढून. डेटाबेसमध्येही तसंच आहे. उरलेले पाच बरोबर.

रुक्ष_राधा

फॉर्मवरून नाव घेताना न दिसणारी अक्षरं काढून टाकणारं काही आहे का कोडमध्ये? काही कीबोर्ड ऱ्ह लिहिताना र, हलंत आणि त्यानंतर एक अदृश्य जोडक घालतात, U+200D. तो काढला की रफार होतो. जे पाच बरोबर आहेत त्यांच्या फोनने थेट नुक्त्याचा ऱ टाकला असावा.

सह्यकडा

आहे. मीच लिहिलंय, "नाव स्वच्छ कर" नावाचं फंक्शन. सर्व्हरवालं फंक्शन, सर्व्हरलेस नव्हे. दुरुस्त करतो, पण जुन्या नोंदींत कोण कुऱ्हाडे आणि कोण खरोखर कुर्हाडे हे आता फोन करूनच विचारावं लागणार.